विक्री पुस्तक आणि विक्री खाते: नावात सारखेपणा, कामात फरक

वाणिज्य शाखेच्या अकरावीत सहाय्यक पुस्तके शिकवली की पुढच्याच आठवड्यात एक ठरलेला गोंधळ दिसतो. विक्री पुस्तकाची बेरीज झाली, आता विक्री खाते वेगळे कशाला? तेच आकडे दुसऱ्यांदा का लिहायचे? दुकानात नव्याने हिशेब लिहायला बसलेला माणूसही हेच विचारतो. याचे उत्तर नीट कळले की खतावणीतल्या निम्म्या चुका होतच नाहीत, म्हणून या दोघांना शेजारी ठेवून पाहू.

उदाहरण पुण्यातल्या एका घाऊक बांगडी दुकानाचे घेऊ. माल फिरोजाबादहून येतो आणि सातारा, बारामती, सासवडच्या किरकोळ दुकानांना उधारीवर जातो. साध्या काचेच्या बांगड्यांवर जीएसटी नसल्यामुळे कराचे रकाने मध्ये येत नाहीत आणि आकडे सरळ राहतात. शिवाय माल फुटणारा, तेव्हा परतीचे व्यवहार आलेच.

रोजकीर्द एकच ठेवली तर प्रत्येक उधार विक्रीला पूर्ण नोंद करावी लागेल: गिऱ्हाइकाचे खाते नावे, विक्री खाते जमा, खाली स्पष्टीकरणाची ओळ. दुसऱ्या बिलालाही तेच आणि चारशेव्या बिलालाही तेच. यात दर वेळी बदलते काय? गिऱ्हाईक आणि रक्कम. जमेची बाजू, म्हणजे विक्री खाते, कधीच बदलत नाही. एका जातीचे व्यवहार वेगळ्या पुस्तकात काढले की ही न बदलणारी बाजू दर वेळी लिहावी लागत नाही, ती महिन्याच्या शेवटी एका बेरजेने उरकते. सहाय्यक पुस्तकांमागचे गणित एवढेच आहे. विक्रीचे पुस्तक एकाने आणि खरेदीचे दुसऱ्याने एकाच वेळी लिहिता येते, ही सोय त्याच्याबरोबर आपोआप मिळते.

जून महिन्याचे विक्री पुस्तक असे दिसेल:

| दिनांक | तपशील | बीजक क्र. | खतावणी पान | रक्कम ₹ |
|---|---|---|---|---|
| जून 3 | सातारा दुकान | 41 | 12 | 5,400 |
| जून 11 | बारामती दुकान | 42 | 7 | 8,200 |
| जून 19 | सातारा दुकान | 43 | 12 | 3,600 |
| जून 27 | सासवड दुकान | 44 | 15 | 2,800 |
| जून 30 | विक्री खाते जमा | | 30 | 20,000 |

या पुस्तकाला नावे आणि जमा अशा दोन बाजू नाहीत, रकमेचा रकाना एकच आहे. कारण हे खाते नव्हेच. ही झालेल्या व्यवहारांची तारीखवार यादी आहे, म्हणजे रोजकीर्दीचाच कापून वेगळा काढलेला तुकडा. याला शिल्लक नसते, फक्त बेरीज असते. विक्री खाते मात्र खतावणीत, म्हणजे सगळ्या खात्यांच्या वहीत, राहते. त्याला दोन बाजू असतात, त्याची शिल्लक काढतात आणि तीच शिल्लक तेरीज पत्रकात, म्हणजे सगळ्या खात्यांची नावे आणि जमा बेरीज ताडून पाहणाऱ्या यादीत, जाते.

आता खतावणी करणे, म्हणजे पुस्तकातली रक्कम खात्यावर मांडणे. 3 जूनचे बीजक पाहा. 100 डझन, दर 60 रुपये, म्हणजे 6,000. त्यातून 10 टक्के व्यापारी सूट वजा केली की 5,400. सूट बीजकातच वजा होते, तिचे वेगळे खाते उघडत नाहीत. पुस्तकात 5,400 लिहिले की त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी, खतावणीच्या पान 12 वर सातारा दुकानाच्या नावे बाजूला 5,400 मांडायचे आणि पुस्तकात पानाच्या रकान्यात 12 लिहायचे. हा रकाना दिसायला क्षुल्लक, पण तो कोरा असेल तर खतावणी राहिली आहे हे एका नजरेत कळते. म्हणून आधी खात्यात रक्कम मांडायची आणि मगच पान लिहायचे. पानांचे आकडे आधीच भरून ठेवणारे कारकून असतात. त्यांच्या पुस्तकात या रकान्याचा काही उपयोग राहत नाही.

गिऱ्हाइकाच्या खात्यावर रोज मांडायचे कारण सरळ आहे. सातारकर कधीही फोन करून विचारणार, ‘माझ्याकडे किती निघतात?’ विक्री खात्याला असा प्रश्न रोज कोणी विचारत नाही. त्यामुळे 30 जूनला बेरीज मारून 20,000 विक्री खात्याच्या जमा बाजूला एकदाच मांडले तरी चालते. चार व्यवहारांच्या आठ खतावण्यांऐवजी पाच झाल्या. बिले चारशे असती तर आठशेच्या जागी चारशे एक.

नेमके इथेच पुस्तक आणि खाते एकच समजणारा फसतो. तो प्रत्येक बीजक गिऱ्हाइकाच्या नावे मांडताना विक्री खात्यातही जमा करतो आणि महिनाअखेर बेरीजही जमा करतो. विक्री 40,000 होते, तेरजेत जमा बाजू 20,000 ने फुगते. फरक बरोबर महिन्याच्या बेरजेएवढा आला की ही चूक आधी तपासावी.

उलट समजही तितकाच चुकीचा आहे, म्हणजे विक्री पुस्तकाची बेरीज हीच महिन्याची विक्री. जूनमध्ये गल्ल्यावर 14,500 ची रोख विक्रीही झाली. ती रोख पुस्तकात गेली, विक्री पुस्तकात नाही, आणि तिथून विक्री खात्यात जमा झाली. विक्री खाते म्हणून 34,500 दाखवते. पुस्तकात फक्त मालाची उधार विक्री येते, खात्यात सगळी विक्री जमते. त्याच महिन्यात दुकानातले जुने कपाट शेजाऱ्याला 2,000 ला उधारीवर दिले. ते उधार आहे, विकलेही आहे, तरी विक्री पुस्तकात जाणार नाही, कारण कपाट हा या दुकानाचा माल नव्हे. त्याची नोंद मुख्य रोजकीर्दीत होईल: शेजारी नावे, फर्निचर जमा. ते चुकून विक्री पुस्तकात लिहिले तर विक्री 2,000 ने वाढेल, फर्निचर तेवढेच जास्त दिसत राहील आणि तेरीज मात्र बिनबोभाट जुळेल. फर्निचर विकणाऱ्याच्या दुकानात हेच कपाट विक्री पुस्तकात गेले असते.

आता परतीचा माल. 22 जूनला सातारकरांनी पहिल्या खेपेतली 10 डझन बांगडी रंग चुकला म्हणून परत पाठवली. दुकानाने त्यांना क्रेडिट नोट दिली आणि नोंद विक्री परत पुस्तकात केली. रक्कम किती? घाईत 600 लिहिले जातात, पण मूळ बीजकात सूट दिली होती, म्हणून परतही 540 चीच. खतावणीची दिशा इथे उलटते: सातारा दुकान जमा 540, आणि महिनाअखेर बेरजेने विक्री परत खाते नावे 540. विक्री पुस्तकातच वजा चिन्ह टाकून हे भागवता आले असते, पण मग किती माल परत येतो हे कुठेच दिसले नसते. फुटीच्या धंद्यात मालकाला हवा असतो तो नेमका हाच आकडा.

खरेदीकडे सगळे आरशातल्यासारखे. फिरोजाबादचा माल खरेदी पुस्तकात लिहायचा, पुरवठादार त्याच्या त्याच्या खात्यावर लगेच जमा आणि महिन्याची बेरीज खरेदी खात्याला नावे. फुटका माल परत पाठवला की डेबिट नोट जाते, खरेदी परत पुस्तकात नोंद होते, पुरवठादार नावे आणि खरेदी परत खाते जमा. परत पुस्तकांची नावे घोटाळ्यात टाकतात, तेव्हा माल कुणाकडे चालला आहे ते पाहावे. आपल्याकडे येत असेल तर विक्री परत, आपल्याकडून जात असेल तर खरेदी परत.

या पद्धतीचा एक फायदा असा की गिऱ्हाइकांची खाती आणि पुस्तकाची बेरीज एकमेकांना तपासतात. जूनमध्ये वसुली काहीच झाली नाही असे धरू. सातारा 8,460, बारामती 8,200, सासवड 2,800, मिळून 19,460. विक्री पुस्तकाचे 20,000 वजा परतीचे 540, तेही 19,460. जुळले.

जुळले नाही तर? समजा बारामतीच्या खात्यावर 8,200 ऐवजी 2,800 मांडले गेले. तेरजेत नावे बाजू 5,400 ने कमी भरते. आता गंमत पाहा. 5,400 हीच साताऱ्याच्या पहिल्या बीजकाची रक्कम आहे, त्यामुळे शोधणारा आधी पान 12 वर धावतो आणि तिथे सगळे ठीक सापडते. अशा वेळी फरकाला 9 ने भागून पाहतात. निःशेष भाग गेला तर शेजारचे दोन अंक उलटे लिहिले गेल्याचा संशय घ्यायचा. 5,400 ला 9 ने भागले की 600, शेष शून्य. मग 82 चे 28 कुठे झाले ते शोधायला वेळ लागत नाही. हा पुरावा नव्हे, नुसता सुगावा, कारण 9 ने भाग जाणारे फरक इतर चुकांतूनही पडतात.

पण चूक पुस्तकातच झाली असेल, म्हणजे 5,400 च्या जागी 4,500 लिहिले गेले असतील, तर साताऱ्याच्या नावे 4,500 जातात आणि बेरीजही 19,100 होते. दोन्ही बाजू सारख्याच चुकल्या, तेरीज जुळली. बीजक लिहायचेच राहिले किंवा सासवडचे पैसे बारामतीच्या खात्यावर पडले, तरी तेरीज जुळतेच. राहिलेले बीजक क्रमांकांची सलगता पाहिल्यावर सापडते. बाकीच्या चुका गिऱ्हाइकाला खातेउतारा पाठवून त्याच्या वहीशी ताडल्यावरच उघड होतात, आणि जास्त नावे पडलेला गिऱ्हाईक लगेच ओरडतो, कमी पडलेला सहसा गप्प बसतो.

जीएसटीच्या मालावर पुस्तकात कराचे रकाने वाढतात. गिऱ्हाइकाच्या नावे पूर्ण बीजक, पण विक्री खात्यात करापूर्वीच्या रकमेची बेरीज, आणि कराची बेरीज कराच्या खात्यांत जमा. तत्त्व तेच.

टॅलीत मात्र पुस्तक आणि खाते यांतली सीमा सरकते. F8 दाबून विक्रीचे व्हाउचर टाकले की दोन्ही खात्यांत खतावणी त्याच क्षणी होते, महिनाअखेरची बेरीज मांडावी लागत नाही. तिथला Sales Register हा विक्री व्हाउचरांचा अहवाल आहे. F8 मधून रोख विक्री टाकली तरी ती त्यात दिसते, आणि जुने कपाट F8 मधूनच टाकून फर्निचर खाते निवडले, तर ते रजिस्टरच्या बेरजेत येते पण विक्री खात्यात येत नाही. त्यामुळे Sales Register आणि विक्री खाते यांचे आकडे जुळले नाहीत म्हणून लगेच आकडे बदलायला जाऊ नये. आधी प्रत्येक व्हाउचरमध्ये कोणते खाते निवडले आहे ते उघडून पाहावे.