बहुभुज-सीमांचे सुलभीकरण (वेब-नकाशा)

जिल्हा, तालुका, वनक्षेत्र अशा प्रदेशांची सीमा संगणकात बिंदूंच्या बंद साखळीने, म्हणजेच बहुभुजाने, साठवलेली असते. वेबवरचा नकाशा लवकर उघडावा म्हणून या साखळीतले बिंदू कमी करणे, आणि तरीही पडद्यावर सीमेचा आकार बदललेला दिसू न देणे, याला सीमांचे सुलभीकरण म्हणतात. बिंदू गाळणे हे या कामातले सोपे अंग आहे. शेजारच्या दोन प्रदेशांमधली सामाईक सीमा दोन्ही बाजूंनी तंतोतंत सारखीच राहिली पाहिजे, ही त्यातली खरी अट आहे.

महाराष्ट्राच्या ३६ जिल्ह्यांच्या नकाशाचे उदाहरण घेऊ. समजा, बारीक तपशिलाच्या नकाशांवरून आखलेल्या या फाइलमध्ये सगळे मिळून ३ लाख बिंदू आहेत. जिओजेसन या साध्या मजकुराच्या फाइल-स्वरूपात रेखांश आणि अक्षांश पंधरा दशांश स्थळांपर्यंत लिहिले, तर एका बिंदूला सुमारे ४० बाइट लागतात आणि फाइल १२ एमबीची होते. सर्व्हरने ती जीझिपने आवळून पाठवली की डाउनलोडचा भार पुष्कळ हलका होतो खरा, पण ब्राउझरला ती पुन्हा उलगडून वाचावी लागते आणि नकाशा हलवला की तेवढेच बिंदू पुन्हा काढावे लागतात. साध्या मोबाइलवर नकाशा अडखळतो तो याच ठिकाणी, आणि तेथे जीझिपचा काही उपयोग होत नाही. दशांश स्थळे चारवर आणली तर अचूकता सुमारे ११ मीटर उरते आणि बिंदूमागे १८ बाइट पुरतात. हे फुकटचे काम असल्याने ते अवश्य करावे; मात्र त्याने बिंदूंची संख्या घटत नाही.

किती बिंदू गाळता येतील याचे उत्तर टक्केवारीत शोधण्याचा प्रघात आहे, पण तो दिशाभूल करणारा आहे. एका फाइलमध्ये दहा टक्के बिंदू पुरेसे असतात, तर मुळातच विरळ आखलेल्या दुसऱ्या फाइलमध्ये पन्नास टक्क्यांनाच सीमा मोडकी दिसू लागते. खरा मापदंड पडद्यावरचा पिक्सेल हा आहे. सीमा मूळ जागेपासून एका पिक्सेलपेक्षा कमी सरकली, तर ती सरकली हे डोळ्याला कळत नाही. वेबवरच्या नकाशांत रूढ असलेल्या वेब मर्केटर प्रक्षेपात २५६ पिक्सेलच्या टाइल, म्हणजे नकाशाचे चौकोनी तुकडे, वापरल्या, तर एक पिक्सेल म्हणजे जमिनीवरचे किती मीटर, हे पुढील सूत्राने मिळते.

```
मीटर प्रति पिक्सेल = 156543 × cos(अक्षांश) / 2^झूम
```

१९ अंश अक्षांशावर, म्हणजे मुंबईच्या आसपास, झूम ७ ला एक पिक्सेल सुमारे ११५६ मीटरचा भरतो, झूम १० ला १४५ मीटरचा आणि झूम १२ ला ३६ मीटरचा. संपूर्ण राज्य एका नजरेत दाखवणारा नकाशा झूम ६-७ च्या आसपास उघडतो. त्यामुळे तेथे ५०० मीटरची सूट घेतली, म्हणजे सीमेला तेवढे सरकण्याची मुभा दिली, तरी ती अर्ध्या पिक्सेलच्या आत राहते. दाट पिक्सेलच्या पडद्यांसाठी ही सूट आणखी निम्मी करणे चांगले. काही लायब्रऱ्या ५१२ पिक्सेलच्या टाइल धरून झूम मोजतात. त्यांचा झूम ६ हा वरच्या हिशेबातला झूम ७ असतो, हे विसरल्याने सूट दुप्पट घेतली जाते.

बिंदू निवडण्याच्या दोन पद्धती विशेष रूढ आहेत. १९७३ मध्ये डेव्हिड डग्लस आणि टॉमस पॉयकर यांनी मांडलेल्या पद्धतीत रेषेची दोन टोके सरळ जोडतात, त्या सरळ रेषेपासून सर्वांत दूरचा बिंदू शोधतात, तो ठरलेल्या सुटीपेक्षा दूर असेल तर राखतात आणि दोन्ही तुकड्यांवर तीच कृती पुन्हा करतात. कोणताही गाळलेला बिंदू नव्या रेषेपासून सुटीपेक्षा दूर नसतो, ही तिची जमेची बाजू. पण ती टोकाचे बिंदू हट्टाने धरून ठेवते. कोकणातल्या खाडीचे आतले टोक उरते, दोन्ही काठांचे वळण जाते, खाडीची सुई होते आणि कधी दोन्ही काठ एकमेकांना छेदून जातात. महेश्वरी विश्वलिंगम आणि जे. डी. व्हायट यांनी १९९३ मध्ये दिलेली पद्धत प्रत्येक बिंदू आणि त्याचे दोन शेजारी यांचा त्रिकोण करते आणि ज्या बिंदूचा त्रिकोण सर्वांत लहान, तो आधी गाळते. तिच्यात अंतराची अशी काटेकोर हमी नसते, तरी किनारा आणि नदी नैसर्गिक दिसतात. जिल्ह्यांच्या नकाशासाठी हीच अधिक योग्य, असे म्हणायला हरकत नाही.

नवख्याच्या हातून होणारी चूक मात्र पद्धतीच्या निवडीत नसते. चंद्रपूर आणि गडचिरोली यांची सीमा बऱ्याच लांबीपर्यंत वैनगंगेच्या पात्रातून जाते. फाइलमध्ये ही नागमोडी रेषा दोनदा येते, एकदा चंद्रपूरच्या बहुभुजात आणि एकदा गडचिरोलीच्या. दोन्ही बहुभुज वेगळ्या बिंदूपासून सुरू होतात आणि तीच नदी एक खालून वर, तर दुसरा वरून खाली चालतो. प्रत्येक बहुभुज स्वतंत्रपणे सुलभ केला, तर डग्लस-पॉयकर पद्धतीत सुरुवातीची टोकेच वेगळी पडतात, त्यामुळे राखलेले बिंदूही वेगळे निघतात. परिणामी नदीच्या एका वळणावर दोन्ही जिल्ह्यांच्या मधे फट पडते, तर पुढच्या वळणावर ते एकमेकांवर चढतात. पोस्टजीआयएस या नकाशांच्या डेटाबेसमधले `ST_Simplify` हे फलन प्रत्येक ओळीवर स्वतंत्रपणे चालते, म्हणून त्याच्याकडून नेमके हेच घडते.

उपाय असा, की सुलभीकरणापूर्वी बहुभुज बाजूला ठेवून सीमेचे तुकडे करायचे. जेथे तीन प्रदेश भेटतात किंवा सामाईक सीमा संपून बाहेरची सीमा सुरू होते, तो बिंदू गाठ मानायचा आणि दोन गाठींमधली रेषा एकदाच साठवायची. वर्धा आणि वैनगंगा यांचा संगम होऊन प्राणहिता सुरू होते, तेथे चंद्रपूर, गडचिरोली आणि तेलंगणा एकत्र येतात. तो बिंदू अशी गाठ आहे आणि तो कधीही गाळला जात नाही. गाठींमधली वैनगंगा एकदाच सुलभ होते आणि दोन्ही जिल्हे त्याच रेषेचा आधार घेतात, म्हणून फट पडायला जागाच उरत नाही. माइक बॉस्टॉक यांचे टोपोजेसन हे स्वरूप याच कल्पनेवर उभे आहे. मॅथ्यू ब्लॉक यांचा मॅपशेपर हा प्रोग्रॅमही आत हेच करतो. पोस्टजीआयएस ३.४ पासून `ST_CoverageSimplify` हे फलन त्याच कामासाठी उपलब्ध आहे.

आपल्या उदाहरणातली फाइल झूम ७ साठी तयार करण्याची आज्ञा अशी होईल.

```
mapshaper -i jilhe.shp snap -simplify weighted interval=500 keep-shapes stats -o jilhe-z7.json format=topojson quantization=10000
```

यातला `weighted` विश्वलिंगम-व्हायट पद्धतीचेच एक रूप निवडतो आणि `interval=500` ही ५०० मीटरची सूट आहे. `snap` महत्त्वाचा आहे. सामाईक रेषा ओळखण्यासाठी दोन्ही बाजूंचे बिंदू अगदी शेवटच्या अंकापर्यंत जुळावे लागतात, आणि वेगवेगळ्या हातांनी आखलेल्या फाइलमध्ये ते केसभर हुकलेले असतात. `snap` हे किरकोळ अंतर मिटवते. मात्र दोन जिल्ह्यांच्या सीमा मुळातच शंभर-दोनशे मीटरनी विसंगत असतील, तर ते काम त्याच्या आवाक्याबाहेरचे आहे. तेथे आधी मूळ फाइलच दुरुस्त करावी लागते. `keep-shapes` मुळे लहान प्रदेश नकाशातून समूळ नाहीसा होत नाही. `quantization=10000` सगळे बिंदू दहा हजार घरांच्या जाळीवर बसवते. राज्याचा पूर्व-पश्चिम विस्तार साडेआठशे किलोमीटरच्या घरात धरला, तर एक घर सुमारे ८५ मीटरचे होते, आणि ५०० मीटरच्या सुटीपुढे ते नगण्य आहे. या आज्ञेनंतर बिंदू पाच टक्के, म्हणजे १५ हजार उरले असे धरले, तर चार दशांशांच्या जिओजेसनमध्येही त्यांचे वजन सुमारे २७० केबी भरते. टोपोजेसनमध्ये आतल्या सीमा एकदाच येतात आणि बिंदू आधीच्या बिंदूपासूनच्या लहान फरकाने लिहिले जातात, म्हणून ते त्याहून बरेच कमी होते.

काम बरोबर झाले का, हे पाहण्याची सोपी रीत अशी आहे. सगळ्या जिल्ह्यांना एकच रंग अर्धपारदर्शक भरावा आणि कडेची रेषा बंद करावी. सीमा जुळलेल्या असतील तर राज्य एकसंध दिसते. जेथे प्रदेश एकमेकांवर चढले आहेत तेथे गडद ओरखडा उमटतो, आणि फट असेल तेथे खालचा नकाशा डोकावतो. कडेची जाड रेषा चालू ठेवली की हे दोन्ही दोष तिच्याखाली झाकले जातात, त्यामुळे तपासणीच्या वेळी ती मोठा धोका देते.

एवढे करूनही कधी कधी फटी परत येतात, आणि त्याचे कारण फाइलमध्ये सापडत नाही. लीफलेट ही लायब्ररी नकाशा काढताना प्रत्येक बहुभुजाचे पडद्यापुरते पुन्हा सुलभीकरण करते, तेही प्रत्येकाचे वेगळे. तिच्या `smoothFactor` या पर्यायाचे मूळ मूल्य १ असते. आधी नीट सुलभ केलेल्या फाइलसाठी ते ० करावे; नाहीतर सर्व्हरवर मिटवलेली फट ब्राउझरमध्ये पुन्हा उघडते.

एकच फाइल सर्व झूमना पुरत नाही. तेरेखोल नदीच्या मुखापाशी तेरेखोलचा किल्ला आणि गाव नदीच्या उत्तर तीरावर असूनही गोव्यात आहेत. झूम ७ ला हा तुकडा जेमतेम पिक्सेलभर असतो आणि ५०० मीटरच्या सुटीत तो शेजारच्या सिंधुदुर्गात विरघळून गेला तरी कोणाला कळत नाही. तीच फाइल झूम १२ पर्यंत ताणली, तर किल्ला सरळ महाराष्ट्रात दिसतो. येथे `keep-shapes` उपयोगी पडत नाही, कारण नाहीसा होतो तो गोव्याच्या बहुभुजाचा एक कोपरा, पूर्ण बहुभुज नव्हे. म्हणून झूम ७ पर्यंत एक, १० पर्यंत सुमारे ७० मीटरच्या सुटीची दुसरी आणि त्यापुढे तालुक्यापुरती तिसरी, अशा फाइल ठेवून गरजेप्रमाणे बदलतात. तालुके आणि गावेही दाखवायची असतील, तर वेक्टर टाइल अधिक सोयीच्या ठरतात.

सुलभ केलेली सीमा केवळ पाहण्यासाठी असते. एखादे गाव, शाळा किंवा पर्जन्यमापक कोणत्या जिल्ह्यात येतो हे तिच्यावरून ठरवले, तर वैनगंगेच्या काठची ठिकाणे पलीकडच्या जिल्ह्यात मोजली जातात आणि आकडेवारीतली ही चूक नकाशावर कोठेच दिसत नाही. अशी जोडणी मूळ फाइलवर आधी करून घेतात, जिल्ह्याचा संकेतांक त्या ठिकाणाच्या नोंदीत लिहितात आणि ब्राउझरकडे तो संकेतांकच पाठवतात.