आयाहुआस्का : एन्झाइम-निरोधन आणि त्यातून उद्भवणाऱ्या आंतरक्रिया

आयाहुआस्का हा अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यात, प्रामुख्याने पेरू, ब्राझील, एक्वादोर आणि कोलंबिया या देशांतील आदिवासी समाजांत, विधीच्या वेळी पिण्यासाठी केला जाणारा काढा आहे. केचुआ भाषेत ‘आया’ म्हणजे मृतात्मा आणि ‘वास्का’ म्हणजे वेल. नाव वेलीचे असले तरी काढ्यात सहसा दोन वनस्पती असतात : ‘बॅनिस्टेरिऑप्सिस कापी’ या वेलीचे खोड आणि ‘सायकोट्रिया विरिडिस’ ऊर्फ चाक्रुना या झुडपाची पाने. दृश्ये दिसण्याचा मुख्य परिणाम ज्याच्यामुळे होतो ते डायमिथिलट्रिप्टामाइन (डीएमटी) पानांत असते, वेलीत नव्हे. तरीही नुसत्या पानांचा काढा प्यायल्यास जवळजवळ काहीच होत नाही. वेल कशासाठी लागते, याचे उत्तर मोनोअमाइन ऑक्सिडेज या एन्झाइमच्या कामात आहे. हा काढा काही खाद्यपदार्थांशी आणि त्याहून कितीतरी अधिक प्रमाणात काही नैराश्यविरोधी औषधांशी का जुळत नाही, हेही त्याच कामातून कळते.

मोनोअमाइन ऑक्सिडेज (पुढे ‘माओ’) हे शरीरातील जुने रखवालदार एन्झाइम. मेंदूत ते सेरोटोनिन, नॉरएड्रेनलिन आणि डोपामिन यांचे वापरून झालेले रेणू मोडते. आतड्याच्या अस्तरात आणि यकृतात त्याचे काम वेगळे आहे. अन्नातून येणारे तशाच घडणीचे रेणू रक्तप्रवाहात पोहोचण्याआधीच ते तिथे निकामी करते. या एन्झाइमचे ‘ए’ आणि ‘बी’ असे दोन प्रकार आहेत. सेरोटोनिन मोडण्याचे काम मुख्यतः ‘ए’ प्रकार करतो आणि आतड्यात त्याचेच प्राबल्य असते. डीएमटीची रचना सेरोटोनिनशी मिळतीजुळती असल्याने गिळलेले डीएमटी आतडे आणि यकृत ओलांडेपर्यंत बहुतांश नष्ट झालेले असते. हंगेरीत काम करणाऱ्या स्टीफन सारा यांनी 1956 मध्ये स्वतःवर केलेल्या प्रयोगांत हाच फरक दिसला. तोंडाने घेतलेल्या डीएमटीचा काही परिणाम झाला नाही, मात्र स्नायूत टोचल्यावर तो काही मिनिटांतच जाणवला.

वेलीतील हार्मिन, हार्मलिन आणि टेट्राहायड्रोहार्मिन ही तीन अल्कलॉइडे हा अडथळा दूर करतात. पहिली दोन माओ-ए या प्रकाराला पकडून ठेवतात आणि तेवढ्या वेळात डीएमटी न मोडता रक्तात आणि मेंदूत पोहोचते. त्यामुळे धुराद्वारे घेतल्यास पंधरा-वीस मिनिटांत ओसरणारा परिणाम काढ्यातून सुमारे चार तास टिकतो. दोन वनस्पतींच्या जोडीचे हे स्पष्टीकरण होल्मस्टेड आणि लिंडग्रेन यांनी 1967 मध्ये सुचवले. प्रत्यक्ष काढ्याचे नमुने घेऊन, त्यांतील अल्कलॉइडांची मात्रा माओ रोखायला पुरेशी असते हे मॅकेना, टॉवर्स आणि अ‍ॅबट यांनी 1984 मध्ये प्रयोगशाळेत दाखवून दिले. तिसरे अल्कलॉइड, टेट्राहायड्रोहार्मिन, बहुतेक वर्णनांत मागे पडते, पण आंतरक्रियांच्या हिशेबात त्याला वगळता येत नाही. ते माओ फारसे रोखत नाही. त्याऐवजी चेतापेशींनी सेरोटोनिन परत शोषून घेण्याच्या क्रियेला ते थोडासा अटकाव करते, आणि हार्मिनपेक्षा बराच जास्त वेळ शरीरात राहते. म्हणजे सेरोटोनिन दोन बाजूंनी वाढवण्याची सोय या काढ्यातच आहे.

माओ-ए थांबले की डीएमटीबरोबर इतर रेणूंनाही वाट मोकळी होते. अन्नाच्या बाबतीत हा रेणू म्हणजे टायरामाइन. प्रथिनांतील टायरोसिन हे अमिनो आम्ल जिवाणूंनी मोडले की टायरामाइन तयार होते. म्हणून मुरवलेले चीज, आंबवून वाळवलेले मांस, सोया सॉस, आंबवलेली कोबी, पिंपातून काढलेली बिअर आणि शिळे झालेले मांस-मासे यांत ते जास्त असते. ताज्या दुधात किंवा ताज्या मांसात ते नगण्य असते. माओ चालू असताना टायरामाइन आतड्यातच संपते. ते बंद असेल तर टायरामाइन चेतापेशींच्या टोकांत शिरते आणि तिथे साठवलेले नॉरएड्रेनलिन एकदम बाहेर ढकलते. रक्तवाहिन्या आवळतात, रक्तदाब झपाट्याने चढतो. जेवणानंतर साधारण तासा-दोन तासांत डोक्याच्या मागच्या बाजूला ठणकणारी वेदना सुरू होते, मान ताठरते, घाम फुटतो, मळमळ आणि छातीत धडधड होते. सर्वांत वाईट परिस्थितीत मेंदूत रक्तस्राव होतो.

ही गोष्ट आयाहुआस्कातून नव्हे, तर नैराश्याच्या जुन्या गोळ्यांतून लक्षात आली. क्षयरोगासाठी तयार झालेले इप्रोनियाझिड माओ रोखते हे 1952 मध्ये कळले आणि 1957 पासून ते नैराश्यासाठी वापरले जाऊ लागले. त्याच गटातील औषधे घेणाऱ्यांना अधूनमधून भयंकर डोकेदुखी का होते, हे कोडे काही वर्षे सुटले नव्हते. इंग्लंडमधील नॉटिंगहॅमच्या एका औषधविक्रेत्याने आपल्या पत्नीला चीज खाल्ल्यावरच हा त्रास होतो असे पत्राने कळवले, आणि लंडनमधील तरुण डॉक्टर बॅरी ब्लॅकवेल यांनी 1963 मध्ये तो धागा पकडून चीज व माओ-निरोधक यांचा संबंध मांडला.

मात्र त्या गोळ्यांचे निष्कर्ष आयाहुआस्काला जसेच्या तसे लावणे बरोबर नाही, आणि लोकप्रिय लिखाणात नेमके हेच होते. फेनेल्झिन किंवा ट्रॅनिलसिप्रोमिनसारखी जुनी औषधे माओला कायमची निकामी करतात. शरीराने नवे एन्झाइम बनवेपर्यंत साधारण दोन आठवडे जातात, आणि या काळात जेवणातले 10 ते 25 मिलिग्रॅम टायरामाइनही गंभीर झटका देऊ शकते. हार्मिन आणि हार्मलिन यांची पकड सैल, उलटवता येणारी असते. टायरामाइनचा लोट आला की तो एन्झाइमवरच्या हार्मिनला काही प्रमाणात बाजूला सारून स्वतःची मोडतोड करवून घेतो. मोक्लोबेमाइड हे याच पद्धतीने चालणारे औषध घेणाऱ्यांत रक्तदाब लक्षणीय चढायला साधारणपणे 100 मिलिग्रॅमहून अधिक टायरामाइन लागते, आणि तेवढे एका सामान्य जेवणात क्वचितच असते. शिवाय हार्मिनचा रक्तातील अर्धायुकाल, म्हणजे त्याची मात्रा निम्मी व्हायला लागणारा वेळ, सुमारे दोन तासांचा आहे. त्यामुळे पारंपरिक काढ्याच्या बाबतीत अन्नाचा धोका खरा असला तरी मर्यादित आहे. आधीच रक्तदाब असलेल्यांना, हृदयविकार असलेल्यांना आणि स्यूडोएफेड्रिनसारखी सर्दीची औषधे किंवा अ‍ॅम्फेटामाइने घेणाऱ्यांना तो अधिक असतो. विधीपूर्वी पाळायच्या पथ्यात मीठ, साखर, डुकराचे मांस आणि शरीरसंबंधही वर्ज्य मानले जातात. टायरामाइनशी यांतल्या बहुतेकांचा संबंध नाही, त्यामुळे संपूर्ण पथ्याला रसायनशास्त्राची टोपी घालण्यात अर्थ नाही.

नैराश्यविरोधी औषधांचे गणित याच्या उलट आहे, कारण तिथे उलटवता येणारी पकडही पुरेशी घातक ठरते. फ्लुओक्सेटिन, सर्ट्रालिन, पॅरोक्सेटिन, एसिटॅलोप्रॅम ही औषधे चेतापेशींनी सेरोटोनिन परत शोषून घेण्याचा मार्ग अडवतात. व्हेन्लाफॅक्सिन आणि क्लोमिप्रामिनही तेच करतात. सोडलेले सेरोटोनिन दोनच मार्गांनी आवरले जाते : परत शोषून घेऊन किंवा माओने मोडून. गोळीने पहिला मार्ग अडवला आणि काढ्याने दुसरा, की सेरोटोनिन साचत जाते. त्यात डीएमटी स्वतः पेशींवर सेरोटोनिन ज्या जागी चिकटते त्या ग्राहकांवर काम करते आणि टेट्राहायड्रोहार्मिन पुनःशोषणाला आणखी आडवे येते. या जोडीबद्दलची ठळक सूचना कॅलवे आणि ग्रोब यांनी 1998 मध्ये प्रसिद्ध केली. ट्रॅमाडॉल व पेथिडिन ही वेदनाशामके, खोकल्याच्या औषधांतले डेक्स्ट्रोमेथॉर्फन, सेंट जॉन्स वर्ट ही वनस्पती आणि एमडीएमए हे नशेसाठी घेतले जाणारे रसायन यांच्याबाबतही हाच धोका आहे.

एक अडचण बहुतेकांच्या नजरेतून सुटते. हार्मिन आणि हार्मलिन यांचा निचरा करण्यात यकृतातील ‘सीवायपी2डी6’ या एन्झाइमचा मोठा वाटा असतो, आणि फ्लुओक्सेटिन व पॅरोक्सेटिन नेमके तेच दाबून ठेवतात. म्हणजे ही औषधे सेरोटोनिनचा एक मार्ग अडवतात ते वेगळेच. शिवाय माओ-निरोधकही शरीरात नेहमीपेक्षा जास्त आणि जास्त वेळ ठेवतात. काही माणसांत हे एन्झाइम जन्मतःच मंद असते, आणि तसे असल्याचे त्यांना सहसा ठाऊक नसते.

‘चार दिवस गोळी बंद केली होती’ हे वाक्य म्हणूनच फसवे. समजा एखादी व्यक्ती वर्षभर रोज 20 मिलिग्रॅम फ्लुओक्सेटिन घेत होती. शरीरात त्यापासून नॉरफ्लुओक्सेटिन तयार होते, तेही तितकेच प्रभावी असते आणि त्याचा अर्धायुकाल एक ते दोन आठवड्यांच्या आसपास असतो. तो दहा दिवसांचा धरला तर चौथ्या दिवशी सुमारे तीन चतुर्थांश भाग अजून शिल्लक असतो. पाच आठवड्यांनी तो नऊ टक्क्यांवर येतो. फ्लुओक्सेटिन थांबवून माओ-निरोधक सुरू करायचा असेल तर डॉक्टर किमान पाच आठवडे जाऊ देतात, ते या हिशेबामुळे. या गटातील इतर बहुतेक औषधांसाठी तो काळ दोन आठवड्यांचा मानतात. तेवढ्यासाठी गोळ्या एकाएकी तोडणेही धोक्याचे आहे : पॅरोक्सेटिन आणि व्हेन्लाफॅक्सिन अचानक थांबवल्यास चक्कर, विजेचा झटका बसल्यासारख्या संवेदना आणि तीव्र अस्वस्थता येते, मूळ नैराश्य उसळते ते वेगळे. किती सावकाश कमी करायचे हे औषध लिहून देणाऱ्या डॉक्टरनेच ठरवावे लागते.

वरील व्यक्तीने चौथ्या दिवशी काढा प्यायल्यास काय दिसेल? उलटी, घाम आणि थरथर हे आयाहुआस्काचे नेहमीचेच परिणाम असल्याने सुरुवातीला सोबतचे लोक निर्धास्त राहतात, आणि घोटाळा तिथेच होतो. फरक ओळखायचा तो स्नायूंवरून. सेरोटोनिन असे साचल्याने होणाऱ्या विकाराला सेरोटोनिन सिंड्रोम म्हणतात. त्यात पाय हातांपेक्षा जास्त कडक होतात, गुडघ्यावर हलकेच टकटक केली तरी पाय जोरात उडतो, आणि पाऊल वर ढकलून धरल्यास घोट्यात लयबद्ध झटके सुरूच राहतात. या झटक्यांना क्लोनस म्हणतात आणि हा विकार ओळखण्यासाठी 2003 मध्ये मांडलेल्या हंटर निकषांत त्यालाच सर्वाधिक महत्त्व आहे. बाहुल्या विस्फारणे आयाहुआस्कातही होते, त्यामुळे त्यावरून काही ठरत नाही. शरीराचे तापमान 38 अंश सेल्सिअसच्या वर जाणे, गोंधळ वाढत जाणे आणि स्नायूंचा ताठरपणा ही धोक्याची पायरी आहे. 41 अंशांच्या पुढे स्नायू फुटणे, मूत्रपिंडे बंद पडणे आणि मृत्यू संभवतो.

पारंपरिक काढ्याऐवजी त्याच्या नकला वापरल्या गेल्या की हिशेब आणखी बिघडतो. वेलीच्या जागी हरमल, म्हणजेच ‘पेगॅनम हरमाला’ या झुडपाच्या बिया घेतल्या जातात. त्यांत हार्मिनबरोबर हार्मलिन भरपूर असते आणि बियागणिक मात्रा बदलते. मोक्लोबेमाइडच्या गोळ्यांसह केलेले मिश्रणही आढळते. कोणी फेनेल्झिनसारखी कायमस्वरूपी पकड असलेली गोळी वापरली, तर अन्नाबद्दल वर सांगितलेली सूट संपते आणि दोन आठवड्यांचा धोका सुरू होतो.

उपचारात नुकसान करणाऱ्या औषधांना थांबवणे, शांत करणारी बेंझोडायझेपिने, द्रव आणि शरीर बाहेरून थंड करणे यांवर भर असतो. काही ठिकाणी सेरोटोनिनचे ग्राहक अडवणारे सायप्रोहेप्टाडिन देतात. पॅरासिटामॉलचा उपयोग होत नाही, कारण ही उष्णता मेंदूतील तापमान-नियंत्रणातून आलेली नसून सतत आखडणाऱ्या स्नायूंतून आलेली असते. सौम्य अवस्था बहुधा चोवीस तासांत निवळते, पण फ्लुओक्सेटिनसारख्या लांब मुक्कामाच्या औषधात ती जास्त वेळ रेंगाळू शकते. रुग्णालयातील नेहमीच्या मूत्रचाचणीत डीएमटी किंवा हार्मिन सापडत नाही. काय आणि केव्हा प्यायले हे कोणी सांगितले नाही, तर वेदनेसाठी ट्रॅमाडॉल किंवा पेथिडिन टोचले जाण्याची शक्यता उरते आणि त्यातून सेरोटोनिनचा साठा आणखी वाढतो.