लग्नसाधनासाठी जन्मवेळेचे रूपांतर

घड्याळात नोंदलेली जन्मवेळ आणि जन्मगाव यांवरून त्या क्षणी पूर्व क्षितिजावर कोणती राशी, किती अंशांवर उगवत होती, म्हणजे लग्न कोणते होते, आणि ग्रह कोठे होते हे काढण्याच्या गणिती प्रक्रियेला लग्नसाधन म्हणतात. या प्रक्रियेतील गणित आता संगणक करतो आणि त्यात तो सहसा चुकत नाही. चूक होते ती त्याआधी, ‘8 वाजून 20 मिनिटे’ ही वेळ नेमक्या कोणत्या घड्याळाची होती हे ठरवताना. महाराष्ट्रात 1906 पूर्वी, 1942 ते 1945 या काळात किंवा जुन्या मुंबईत जन्मलेल्यांच्या पत्रिकांत ही चूक विशेषेकरून आढळते. त्यामुळे या नोंदीत त्याच काळाचा विचार मुख्यतः केला आहे.

नोंदलेली वेळ प्रथम ग्रिनिच वेळेत आणावी लागते. ग्रहांचे अंश त्या वेळेवरून मिळतात आणि तेथे तासाभराची चूकही फारशी जाणवत नाही. एका तासात रवी अडीच कला सरकतो, तर चंद्र साधारण अर्धा अंश. लग्नाचे मात्र तसे नसते. ते दर चार मिनिटांना सरासरी एक अंश पुढे जाते. त्यासाठी ग्रिनिचच्या मध्यरात्रीचा सांपातिक काल, म्हणजे ताऱ्यांच्या दैनिक गतीवर मोजलेला काल, घेऊन त्यात जन्मापर्यंतचा काळ आणि गावाचे पूर्व रेखांश मिळवतात. मिळालेला स्थानिक सांपातिक काल व गावाचे अक्षांश यांवरून सायन, म्हणजे वसंतसंपातापासून मोजलेले, लग्न काढतात. त्यातून अयनांश, म्हणजे वसंतसंपात आणि स्थिर राशीचक्राचा आरंभ यांतील अंतर, वजा करून त्या स्थिर राशीचक्रातले निरयन लग्न मिळवतात.

ग्रिनिच वेळ काढण्यासाठी घड्याळातून किती तास-मिनिटे वजा करायची, हा खरा प्रश्न आहे. 1 जानेवारी 1906 पासून 82°30' पूर्व रेखांशावर आधारलेली भारतीय प्रमाण वेळ लागू झाली. ती ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे आहे. त्याआधी गावोगावी स्थानिक मध्यम वेळ चालत असे आणि रेल्वे मद्रासच्या वेळेवर धावत असे. मुंबईची स्थानिक वेळ ग्रिनिचच्या 4 तास 51 मिनिटे पुढे होती, म्हणजे प्रमाण वेळेच्या 39 मिनिटे मागे. प्रमाण वेळ आली तेव्हा मुंबईकरांनी तिला कडाडून विरोध केला. सरकारी कचेऱ्या आणि रेल्वे नव्या वेळेवर गेल्या, पण शहरातील कित्येक घड्याळे जुनी ‘मुंबई वेळ’च दाखवत राहिली आणि स्वातंत्र्यानंतरही काही वर्षे ती टिकून होती. त्यामुळे त्या काळातील एकाच रस्त्यावरच्या दोन घड्याळांत 39 मिनिटांचा फरक असू शकत होता.

त्यात दुसऱ्या महायुद्धाची भर पडली. 1 सप्टेंबर 1942 ते 15 ऑक्टोबर 1945 या काळात देशातील घड्याळे एक तास पुढे केलेली होती. जुने ज्योतिषी याला ‘वॉर टाइम’ म्हणतात. या काळातील अधिकृत वेळ ग्रिनिचच्या साडेसहा तास पुढे असल्याने साडेपाच तास वजा केले की उत्तर एका तासाने चुकते. कोलकात्याकडे याआधीही, 1 ऑक्टोबर 1941 ते 15 मे 1942 दरम्यान, घड्याळे तासभर पुढे होती. संगणकावर काम करणाऱ्यांनी ही बाब ध्यानात ठेवावी. तिचे कारण पुढे येईल.

एक उदाहरण करून पाहू. मुंबईत 20 जानेवारी 1944 रोजी झालेल्या जन्माची घरच्या वहीत ‘सकाळी 8.20’ अशी नोंद आहे, असे समजा. मुंबईचे रेखांश 72°50' पूर्व आणि अक्षांश 18°58' उत्तर. वेळ वॉर टाइमची मानली, तर साडेसहा तास वजा करून ग्रिनिच वेळ 1.50 येते. त्या दिवशी ग्रिनिचच्या मध्यरात्रीचा सांपातिक काल 7 तास 53 मिनिटे 3 सेकंद होता. त्यात 1 तास 50 मिनिटे 18 सेकंद मिळवायचे. यातले शेवटचे 18 सेकंद सांपातिक घड्याळ आपल्या घड्याळापेक्षा किंचित जलद चालते म्हणून घ्यावे लागतात. रेखांशांचे 4 तास 51 मिनिटे 20 सेकंद मिळवले की स्थानिक सांपातिक काल 14 तास 34 मिनिटे 41 सेकंद होतो. यावरून सायन लग्न मकर 29°12' येते. चित्रापक्षीय अयनांश 23°04' वजा केले की निरयन लग्न मकर 6°08' मिळते. त्या वेळी निरयन रवी मकर 5°49' वर होता, म्हणजे रवी जवळजवळ लग्नबिंदूवरच होता.

तीच 8.20 ही वेळ साधी प्रमाण वेळ धरली तर लग्न मकर 22°27' येते. 4 तास 51 मिनिटांची मुंबई वेळ धरली तर ते कुंभ 3°49' होते. पहिली दोन उत्तरे ताडून पाहण्यासारखी आहेत. दोन्हींत लग्नराशी मकरच असल्याने राशीकुंडली तंतोतंत सारखी दिसते आणि चूक झाल्याची शंकाही येत नाही. प्रत्येक राशीचे नऊ भाग करून मांडलेली नवमांश कुंडली मात्र पार बदलते. मकर 6°08' चा नवमांश कुंभेचा, तर मकर 22°27' चा कर्केचा. चंद्र अर्धा अंश सरकल्याने विंशोत्तरी दशेची, म्हणजे चंद्रावरून ठरणाऱ्या ग्रहांच्या कालखंडांची, सुरुवातही हलते. शुक्राच्या वीस वर्षांच्या महादशेत हा फरक साधारण नऊ महिन्यांचा होतो.

या तीन उत्तरांतले बरोबर कोणते, हे कुंडलीकडे बघून ठरवू नये. आयुष्यातील घटनांशी जुळणारे लग्न निवडण्याची पद्धत रूढ आहे, परंतु घड्याळाचा प्रश्न कागदपत्रांवरून आणि सूर्यावरून सुटत असेल तर तो तसाच सोडवावा. मुंबईत 20 जानेवारीला सूर्योदय प्रमाण वेळेनुसार साधारण 7.15 ला होतो. वॉर टाइमच्या घड्याळात तेव्हा 8.15 वाजलेले असणार. आजी किंवा मावशी ‘नुकतं कुठं उजाडत होतं, तेव्हा झाला’ असे सांगत असेल, तर 8.20 ही वॉर टाइमच होय. प्रमाण वेळ असती तर सूर्योदय होऊन तासाहून अधिक वेळ गेला असता आणि ऊन चांगले वर आले असते.

जुनी हस्तलिखित पत्रिका हाताशी असली तर आणखी एक पुरावा मिळतो. तिच्यात सूर्योदयापासूनची इष्टघटी लिहिलेली असते. एक घटी 24 मिनिटांची आणि एक पळ 24 सेकंदांचे. आपल्या उदाहरणात इष्टघटी शून्य घटी बारा पळे अशी असेल, तर पत्रिका करणाऱ्याने वॉर टाइमचा तास वजा केला होता. तीच जर दोन घटी बेचाळीस पळे लिहिलेली असेल, तर त्याने 8.20 ही प्रमाण वेळ समजून 65 मिनिटांचे घटी-पळांत रूपांतर केले. तो चुकलाच असे यावरून सिद्ध होत नाही, पण त्याने कोणते घड्याळ मानले ते कळते, आणि शोध तेथून पुढे नेता येतो.

सूर्याची ही कसोटी कोणत्याही पत्रिकेला लावता येते. सूर्योदयाला रवी लग्नबिंदूवर असतो, मध्यान्हाच्या सुमारास दशमात, सूर्यास्ताला सप्तमात आणि मध्यरात्री चतुर्थात. दुपारच्या जन्माच्या पत्रिकेत रवी चतुर्थात दिसला, तर सकाळ-संध्याकाळची गल्लत झाली आहे किंवा रेखांश पूर्वेऐवजी पश्चिम घातले गेले आहेत.

संगणकामुळे एक नवीन चूक निर्माण झाली आहे, ती म्हणजे दुहेरी वजाबाकी. बऱ्याच कार्यक्रमांच्या मुळाशी कालक्षेत्रांची एकच सामायिक सूची असते आणि तिला वॉर टाइम ठाऊक असतो. पायथनमध्ये हे असे तपासता येते:

```python
from datetime import datetime
from zoneinfo import ZoneInfo
t = datetime(1944, 1, 20, 8, 20,
             tzinfo=ZoneInfo("Asia/Kolkata"))
print(t.utcoffset())   # 6:30:00
```

हे माहीत नसलेला जाणकार ज्योतिषी आधी स्वतः तास वजा करून 7.20 भरतो आणि कार्यक्रम पुन्हा एक तास वजा करतो. आपल्या उदाहरणात मग लग्न धनु 21°05' येते आणि उजाडल्यावर जन्मलेल्या बाळाचा रवी क्षितिजाखाली जातो. मुंबई वेळेची 39 मिनिटे हाताने वजा करून वर रेखांशही भरणाऱ्यांचे असेच होते. नियम एवढाच की, नोंदलेली वेळ न बदलता भरावी आणि कार्यक्रमाने किती तास वजा केले ते पडद्यावर पाहावे. तो आकडा न दाखवणारा कार्यक्रम जुन्या जन्मांसाठी वापरू नये.

ही सूचीही डोळे झाकून मानण्याजोगी नाही. संपूर्ण भारतासाठी तिच्यात `Asia/Kolkata` हे एकच नाव आहे आणि जुना इतिहास कोलकात्याला धरून लिहिलेला आहे. अचूकतेची हमी ती 1970 नंतरच्या काळापुरतीच देते. म्हणून फेब्रुवारी 1942 मध्ये पुण्यात जन्मलेल्या व्यक्तीसाठीही ती साडेसहा तास वजा करते, कारण तेव्हा कोलकात्याची घड्याळे पुढे होती. 1890 च्या जन्मासाठी ती मद्रासची वेळ लावते, मग गाव सातारा असो की वर्धा. अशा जन्मांना फरक हाताने भरावा: पहिल्यासाठी 5.30, दुसऱ्यासाठी गावाच्या रेखांशांना 15 ने भागून येणारे तास. गोव्याचे जुने जन्म आणखी वेगळे. 1912 च्या आरंभापासून पोर्तुगीज भारताची वेळ ग्रिनिचच्या पाच तास पुढे ठरवलेली होती, त्यामुळे पणजी आणि सावंतवाडी यांच्या घड्याळांत अर्ध्या तासाचा फरक होता.

जन्मस्थळाच्या बाबतीत गावाच्या अचूकतेचा बाऊ करण्याचे कारण नाही. रेखांशांत पाव अंशाची चूक म्हणजे एक मिनिट, आणि तालुक्याचे ठिकाण घेतल्याने बहुधा त्याहून अधिक बिघडत नाही. नावाची गल्लत मात्र महागात पडते. यादीतून मराठवाड्यातल्या औरंगाबादऐवजी, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरऐवजी, बिहारमधले औरंगाबाद निवडले गेले तर रेखांश नऊ अंशांनी आणि वेळ 36 मिनिटांनी चुकते. 18°58' हे 18.58 असे भरणे हीदेखील नेहमीची चूक आहे. दशांशात ते 18.97 होतात. शिवाय बाळंतपण आजोळी होत असे आणि कागदावर गाव वडिलांचे लागत असे, म्हणून जन्म प्रत्यक्षात कोठे झाला हे विचारून घ्यावे.

तारखेचीही चौकशी करावी. पंचांगाचा वार सूर्योदयाला बदलतो, इंग्रजी तारीख मध्यरात्री. घरचे ‘सोमवारी रात्री दोनला’ म्हणतात, तेव्हा कॅलेंडरात मंगळवार असतो.

परदेशातल्या मराठी कुटुंबांना उन्हाळी वेळेचा विचार दरवर्षी करावा लागतो. लंडनमध्ये हिवाळ्यातील जन्म म्हणजे ग्रिनिच वेळ, असे गृहीत धरले जाते. पण 18 फेब्रुवारी 1968 पासून 31 ऑक्टोबर 1971 पर्यंत ब्रिटनची घड्याळे हिवाळ्यातही तासभर पुढेच होती. जानेवारी 1970 मध्ये तेथे सकाळी 10 ला झालेल्या जन्माची ग्रिनिच वेळ 9 असते. अमेरिकेत 6 जानेवारी 1974 रोजी, ऐन हिवाळ्यात, उन्हाळी वेळ सुरू केली होती. नोव्हेंबरमधल्या ज्या रविवारी न्यू जर्सीत घड्याळे मागे जातात, त्या रात्री दीड दोनदा वाजतो. दाखल्यावरच्या नुसत्या ‘1.30’ वरून त्यातला कोणता ते सांगता येत नाही, आणि दोन्हींच्या लग्नांत साधारण अर्ध्या राशीचे अंतर पडते. त्यासाठी रुग्णालयाच्या प्रसूतिकक्षातील मूळ नोंद मागवावी. तिच्यात आधीच्या आणि नंतरच्या नोंदींचा क्रम असतो, आणि त्यावरून दीड पहिला की दुसरा ते ठरवता येते.