एलपीजी सिलिंडर : किलोचे लिटर करणे (घनतेवरून)

सिलिंडरमधल्या एलपीजीचं वजन किलोत दिलेलं असतं आणि त्याचे द्रव लिटर किती, हे काढायला वजनाला द्रवाच्या घनतेने भागायचं. लिटर = किलो ÷ घनता, घनता किलो प्रति लिटरमध्ये. एवढंच सूत्र, बाकी सगळी भानगड घनता कुठली घ्यायची याची आहे, त्यामुळे ही नोंद बहुतेक त्याच्याबद्दलच आहे.

आधी आकडे. १५ अंश सेल्सिअसला प्रोपेनच्या द्रवाची घनता ०.५०८ किलो प्रति लिटर धरतात, नॉर्मल ब्युटेनची ०.५८४ आणि आयसोब्युटेनची ०.५६३. बाजारातला एलपीजी म्हणजे यांचंच कमीजास्त मिश्रण, शिवाय थोडं प्रोपिलीन, ब्युटीन, इथेन वगैरे. म्हणून कुठे ०.५१, कुठे ०.५४, कुठे ०.५५ असे आकडे दिसतात आणि प्रत्येक जण आपलाच बरोबर म्हणतो. तसे ते सगळेच बरोबर असू शकतात, फक्त वेगवेगळ्या गॅसला.

उदाहरण म्हणून एक सिलिंडर घेऊ. काट्यावर भरलेला २४.३ किलो भरतो, अंगावर रिकामं वजन म्हणजे टेअर १३.३ किलो कोरलंय, म्हणजे आत ११ किलो गॅस. सिलिंडरची पाणी-क्षमता, म्हणजे पूर्ण पाण्याने भरला तर किती मावेल, ती २७.२ लिटर. आत शुद्ध प्रोपेन असेल तर ११ ÷ ०.५०८ = २१.७ लिटर, नॉर्मल ब्युटेन असेल तर ११ ÷ ०.५८४ = १८.८ लिटर. वजन तेच, सिलिंडर तोच, तरी जवळजवळ तीन लिटरचा फरक. म्हणून नुसतं 'एलपीजीची घनता' असं विचारण्यात फारसा अर्थ नाही, आत काय भरलंय ते आधी विचारावं. 'ब्युटेन' असं लिहिलेल्या सिलिंडरमध्ये सुद्धा आयसोब्युटेनचा वाटा बराच असू शकतो आणि समजा सगळंच आयसोब्युटेन असेल तर उत्तर १९.५ लिटरवर जातं.

मिश्रणाची घनता काढताना एक गोष्ट सर्रास चुकते. प्रोपेन आणि ब्युटेन वजनाने निम्मे-निम्मे असतील तर दोन घनतांची सरळ सरासरी काढून ०.५४६ म्हणतात, पण ती सरासरी आकारमानाने निम्मे-निम्मे असतील तरच चालते. वजनाने वाटे दिले असतील तर आधी प्रत्येक वाट्याचे लिटर काढायचे आणि मग बेरीज, म्हणजे ५.५ ÷ ०.५०८ = १०.८३ आणि ५.५ ÷ ०.५८४ = ९.४२, मिळून २०.२५ लिटर, यावरून घनता येते ०.५४३. फरक अर्ध्या टक्क्याचाच आहे, एका सिलिंडरला कुणी हिशोबात धरणार नाही, टँकरला मात्र धरावा लागतो. (मिसळल्यावर द्रव किंचित आकसतो, तोही मुद्दा आहे, पण प्रोपेन-ब्युटेनमध्ये तो इतका बारीक असतो की इथे सोडून दिलेला बरा.)

आता तापमान, इथे जरा थांबायला हवं. पाण्याच्या सवयीने आपण घनता स्थिर धरतो, पण द्रव प्रोपेन एका अंशाला साधारण ०.३ टक्के फुगतो, ब्युटेन त्याहून कमी, ०.२ टक्क्याच्या आसपास. आपले ११ किलो प्रोपेन शून्य अंशाला २०.८ लिटर, १५ ला २१.७ आणि ४० अंशांना घनता ०.४६७ वर येते म्हणून साधारण २३.५ लिटर होतात. ६० अंशांना घनता जेमतेम ०.४३ उरते, म्हणजे २५.६ लिटर, आणि सिलिंडर तर २७.२ चाच आहे. ७० अंशांच्या आसपास द्रव पूर्ण सिलिंडर व्यापतो, मग फुगायला जागाच राहत नाही आणि दाब एकदम चढतो. सिलिंडर वजनाने भरतात, लिटरने नाही, याचं कारण हेच आहे. १५ अंशांना सुमारे ८० टक्केच भरायचा हा नियमही याच हिशोबातून येतो, आपल्या सिलिंडरचं २१.७ ÷ २७.२ करून बघा, बरोबर ८० च्या जवळ येतं. पाणी-क्षमतेच्या प्रत्येक लिटरमागे किती किलो भरायचे याला भरण-प्रमाण म्हणतात, इथे ते ११ ÷ २७.२ म्हणजे ०.४०. हा आकडा घनता समजून भागाकार करू नये, तसं करणारे भेटतात, आणि मग त्यांना ११ किलोचे २७.२ लिटर द्रव मिळतात, म्हणजे सिलिंडर काठोकाठ भरलेला.

लिटरचा आकडा तापमानाबरोबर हलतो म्हणून तो एका ठरलेल्या तापमानाला सांगायचा, इथपर्यंत सगळ्यांचं एकमत आहे, पण कुठल्या तापमानाला यावर नाही. पेट्रोलियम मोजणीच्या आयएसओ ९१ या आंतरराष्ट्रीय मानकाच्या १९९० च्या दशकातल्या आवृत्तीत पहिल्या भागात १५ अंश सेल्सिअस आणि ६० अंश फॅरनहाइट अशी दोन्ही आधार-तापमानं होती, दुसऱ्या भागात २० अंश सेल्सिअस. १९७६ मध्ये आलेलं आयएसओ ५०२४ हे मानक मात्र १५ अंशांच्या बाजूचं होतं. ६० फॅरनहाइट म्हणजे १५.५६ सेल्सिअस, त्यामुळे १५ हा आकडा बहुधा त्याचाच मेट्रिक पद्धतीतला गोल केलेला भाऊ असावा, पण तसं ठामपणे म्हणायला नको. प्रत्यक्षात १५ आणि ६० फॅरनहाइट यांच्यात ११ किलोमागे पाव कपही फरक पडत नाही, २० अंश घेतले तर मात्र २२.० लिटर येतात, म्हणजे लिटरचा तिसरा भाग जास्त. अमेरिकन पुस्तकांत प्रोपेनला गॅलनमागे ४.२ पौंड धरतात, ते ०.५०३ किलो प्रति लिटर होतं. शुद्ध प्रोपेनपेक्षा हे थोडं कमी, कारण तो आकडा बाजारातल्या प्रोपेनचा आहे. या नोंदीत १५ अंश धरलेत.

एका तापमानाची घनता दुसऱ्या तापमानाला न्यायची तर कोष्टकं लागतात आणि तिथला इतिहास जरा गमतीचा आहे. एएसटीएम ही अमेरिकन आणि आयपी ही ब्रिटिश संस्था, त्यांच्या १९५२ च्या एकत्रित कोष्टकांत हलके द्रवही होते. १९८० मध्ये नवीन कोष्टकं आली, पण एलपीजीइतक्या कमी घनतेपर्यंत ती पोचत नव्हती, त्यामुळे क्रूडवाले आणि पेट्रोलवाले नव्यावर गेले आणि एलपीजीवाले जुन्यावरच राहिले. ही फट जीपीए या अमेरिकन गॅस-उद्योग संघटनेच्या १९९८ मधल्या टीपी-२५ या कोष्टकांनी आणि नंतर २००७ मधल्या टीपी-२७ ने भरली, जी एपीआय या अमेरिकन पेट्रोलियम संस्थेच्या मोजणी-संहितेत ११.२.४ म्हणून आहे आणि ०.३५ ते ०.६८८ सापेक्ष, म्हणजे पाण्याच्या तुलनेतल्या, घनतेपर्यंत चालते. दोन ठिकाणचे लिटर दुसऱ्या-तिसऱ्या दशांशाला जुळत नसतील तर कुठलं कोष्टक वापरलंय ते आधी बघावं. घनता थेट मोजायची असेल तर दाबाखालच्या पारदर्शक नळीत हायड्रोमीटर हा घनतामापक तरंगवतात, आयएसओ ३९९३ आणि एएसटीएम डी १६५७ या त्याच्या पद्धती. घटकांचं विश्लेषण हातात असेल तर आयएसओ ८९७३ प्रमाणे घनता गणिताने काढता येते. विश्लेषण मिळत असेल तर हा दुसरा मार्ग बरा वाटतो, एकतर तो सोपा आणि शिवाय आत नेमकं काय आहे तेही कळतं.

आतापर्यंत सगळे ११ किलो द्रवच आहेत असं धरलं होतं, पण द्रवाच्या वरच्या जागेत वाफ असते आणि तिलाही वजन असतं. १५ अंशांना प्रोपेनचा दाब ७.३ बार, त्या दाबाच्या वाफेची घनता साधारण ०.०१६ किलो प्रति लिटर. भरलेल्या सिलिंडरमध्ये वर साडेपाच लिटर जागा, म्हणजे वाफ जेमतेम ९० ग्रॅम. त्यामुळे द्रव २१.७ ऐवजी २१.५ लिटर, एवढं चालून जातं. पण सिलिंडर संपत आला की गणित बिघडतं. काट्यावर २ किलो गॅस उरलाय असं दिसलं तर साधा भागाकार ३.९ लिटर सांगतो, पण वरच्या २४ लिटर जागेत ३८० ग्रॅम वाफ बसलेली असते, म्हणून खरा द्रव ३.२ लिटरच्या आसपास. म्हणजे वीस टक्क्यांच्या घरातली चूक, आणि ही कुठल्याही कोष्टकाने सुटत नाही, ती सिलिंडरच्या पाणी-क्षमतेवरूनच काढावी लागते. ब्युटेनचा दाब खूपच कमी असल्याने तिथे हा प्रकार एवढा जाणवत नाही.

उत्तर चुकलंय का हे ओळखायला एक साधा अंदाज पुरतो. एलपीजी पाण्याहून हलका आहे, म्हणून लिटरचा आकडा किलोच्या १.७ ते २ पट यायलाच हवा. भागण्याऐवजी गुणलं तर ११ किलो प्रोपेनचे ५.६ लिटर येतात. कुणी द्रवाच्या जागी वायूची घनता घेतली, १५ अंशांना साध्या वातावरणाच्या दाबाला १.९, तर ११ ÷ १.९ म्हणजे ५.८ येतात. दोन्ही चुका वेगळ्या, आकडे जवळपास सारखे, म्हणून एकाने दुसऱ्याला दुजोरा मिळाल्यासारखं वाटतं. खरं तर १.९ हे घनमीटरमागे किलो आहेत, म्हणजे ते ५.८ घनमीटर वायू, ५,८०० लिटर. एक लिटर द्रव प्रोपेनचा साधारण २७० लिटर वायू होतो, तिथून हा गोंधळ येतो.

लिटरवरून दोन गॅसची तुलना करतानाही जपून. किलोमागे उष्णता प्रोपेन आणि ब्युटेनची जवळजवळ सारखीच असते, ४६ मेगाज्यूलच्या आसपास, पण लिटरमागे प्रोपेन साधारण २३.५ आणि ब्युटेन २६.७ देतो.

मिश्रण माहीत नसेल तर एकच आकडा देऊ नये, ११ किलोला १८.८ ते २१.७ लिटर असं लिहावं, किंवा ०.५४ धरून २०.४ आणि पुढे 'अंदाजे'. शिवाय वरून वाफ काढून वापरल्या जाणाऱ्या सिलिंडरमध्ये प्रोपेन आधी निघून जातो आणि मागे ब्युटेन जास्त राहतो, म्हणजे भरताना कागदावर लिहिलेली घनता शेवटच्या दोन-तीन किलोंना लागू राहत नाही, ती वाढलेली असते.