नाव काढलं, तरी माणूस ओळखू येतो

नाशिकच्या एका संस्थेच्या एथिक्स कमिटीत मी ‘सामान्य व्यक्ती’ म्हणून बसते. वैद्यकीय संशोधनाला परवानगी देणाऱ्या समितीत डॉक्टर, कायदा जाणणारी व्यक्ती आणि समाजशास्त्रज्ञ यांच्यासोबत वैद्यकाशी संबंध नसलेलं एक माणूस असावं, असं भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांत म्हटलं आहे. ते माणूस म्हणजे मी. कधी कधी पीजीचे विद्यार्थी परिषदेला जाण्याआधी त्यांचं सादरीकरण मला दाखवतात. ‘पेशंटची नावं काढली आहेत ना?’ या प्रश्नाला सगळे ‘हो’ म्हणतात, आणि ते खरंही असतं. अडचण त्याच्या पुढे सुरू होते.

एक उदाहरण घेऊ. ते मी रचलेलं आहे. खरं उदाहरण दिलं, तर ज्या चुकीबद्दल लिहिते आहे तीच माझ्या हातून होईल. विषय आहे सिकलसेल असलेल्या गरोदर स्त्रियांचा. आपल्या जिल्ह्यात सुरगाणा, पेठ, कळवण या आदिवासी भागांत रक्ताचा हा आनुवंशिक आजार ओळखीचा आहे. स्लाइडवर लिहिलं आहे: ‘19 वर्षे, जुळी गर्भधारणा, गाव अमुक, तालुका पेठ, 14 ऑगस्टला दाखल, हिमोग्लोबिन 6.2, रक्त द्यावं लागलं.’ नाव कुठेच नाही.

पण हॉलमध्ये पेठकडचा एखादा विद्यार्थी असतोच. त्या गावात ऑगस्टमध्ये जुळ्यांची गरोदर असलेली एकोणीस वर्षांची सून किती घरांत असेल? एकाच. गावच्या आशाताईंना, 108 च्या ड्रायव्हरला, दुकानदाराला ती दवाखान्यात गेली हे आधीच ठाऊक असतं. स्लाइड त्यांना एवढंच नवीन सांगते की तिला सिकलसेल आहे.

अमेरिकेत 1990 च्या दशकात हेच मोठ्या प्रमाणावर दिसलं. मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या सरकारी कर्मचाऱ्यांच्या दवाखान्याच्या नोंदी नावं काढून संशोधकांना दिल्या गेल्या. लताना स्वीनी या तेव्हाच्या विद्यार्थिनीने केंब्रिज शहराची मतदारयादी 20 डॉलरला विकत घेऊन त्या नोंदींशी ताडून पाहिली. राज्याचे गव्हर्नर विल्यम वेल्ड यांची जन्मतारीख असलेले शहरात सहा जण निघाले. त्यांपैकी पुरुष तीन, आणि वेल्ड यांच्या पिनकोडमधला एकच. गव्हर्नरांची वैद्यकीय नोंद सापडली. जन्मतारीख, लिंग आणि पिनकोड यांत वेगवेगळं पाहिलं तर गुपित काहीच नाही. एकत्र आले की ते नावाचं काम करतात.

सिकलसेलमध्ये याचा फटका एका बाईपुरता राहत नाही. हा आजार होतो तेव्हा सदोष जनुक आई आणि वडील या दोघांकडूनही आलेलं असतं. बहुतेक वेळा दोघेही फक्त वाहक असतात, त्यांना स्वतःला त्रास नसतो. अशा जोडप्याच्या प्रत्येक मुलाला आजार होण्याची शक्यता चारात एक आणि वाहक असण्याची चारात दोन. म्हणजे स्लाइडवरची सून ओळखू आली, की तिच्या माहेरचे आईवडील ओळखू आले, आणि धाकट्या बहिणीकडे स्थळ पाहायला आलेल्यांना शंकेला कारण मिळालं. संमतीच्या कागदावर अंगठा मात्र एकीचाच होता.

मग काय करायचं? मी विद्यार्थ्यांना प्रत्येक बाबीवर बोट ठेवून विचारायला लावते: ही गोष्ट तुझ्या निष्कर्षाला काय देते? 14 ऑगस्ट काहीच देत नाही. ‘गर्भारपणाच्या 30 व्या आठवड्यात दाखल, तिसऱ्या दिवशी रक्त’ हे सगळं देतं. वय ‘18 ते 24’ चालतं. गावाचं नाव का हवं होतं? रक्त मिळायला उशीर झाला हे दाखवायला. तर मग ‘रक्तपेढीपासून दीड तासावर’ असं लिहावं. जुळी गर्भधारणा मात्र काढता येणार नाही, कारण तिच्यामुळेच ही केस वेगळी आहे. ती ठेवायची, तर बाकीचं आणखी सैल करावं लागतं. सगळंच धूसर केलं तर शिकण्यासारखं काही उरत नाही, हेही मी मान्य करते.

तक्त्यांत चूक जास्त लपून बसते. समजा तालुकावार रुग्ण असे आहेत: सुरगाणा 14, पेठ 9, कळवण 7, त्र्यंबकेश्वर 1, एकूण 31. लहान आकडा उघडा ठेवू नये हे विद्यार्थ्याला माहीत असतं, म्हणून तो त्र्यंबकेश्वरपुढे ‘5 पेक्षा कमी’ लिहितो. पण 31 मधून 30 वजा करायला कितीसा वेळ लागतो? एक आकडा झाकला, तर बेरजेतून तो परत निघतो. म्हणून दुसराही झाकावा, किंवा शेजारचे तालुके जोडून ‘पेठ व त्र्यंबकेश्वर 10’ अशी एक ओळ करावी. मला दुसरा मार्ग बरा वाटतो, त्यात वाचणाऱ्यापासून काही लपवल्यासारखं राहत नाही.

पडद्यावर न दिसणारं फाइलमध्ये असतं, ते वेगळंच. एक्सेलमधला आलेख पॉवरपॉइंटमध्ये वर्कबुकसकट चिकटवला, तर अख्खं वर्कबुक फाइलच्या पोटात जाऊन बसतं. आयोजकांनी मागितली म्हणून तीच फाइल पेन ड्राइव्हवर दिली, की कुणीही आलेखावर `Edit Data` दाबून रुग्णांची यादी उघडू शकतो. एक्स-रेच्या कोपऱ्यातलं नाव क्रॉप केलं, तरी चित्राचा कापलेला भाग फाइलमध्ये तसाच राहतो. `Compress Pictures` मध्ये `Delete cropped areas of pictures` वर खूण केली, तरच तो जातो. सोपा उपाय म्हणजे आलेख चित्र म्हणून चिकटवायचा, आणि एक्स-रे पॉवरपॉइंटमध्ये आणण्याआधीच कापून घ्यायचा.

एवढं करूनही ती जुळ्यांची केस ओळखू येण्याजोगी राहिलीच, तर तिलाच विचारावं लागतं. इथे विद्यार्थी कागद पुढे करतात: ‘मॅडम, संमती आहे ना.’ कागद पाहिला तर संमती अभ्यासात भाग घेण्याची असते, सोबत ‘आपली माहिती गोपनीय ठेवली जाईल’ हे वाक्य. उपचाराची संमती वेगळी, अभ्यासाची वेगळी आणि स्वतःची गोष्ट चारचौघांत मांडू देण्याची वेगळी. तिसरी मागितलेलीच नसते. शिवाय तो कागद पुस्तकी मराठीत असतो आणि घरात कोकणा बोलली जाते. वाचता न येणाऱ्या व्यक्तीच्या संमतीला तटस्थ साक्षीदार लागतो. साक्षीदार म्हणून वॉर्डातल्याच सिस्टरची सही असली, तर मी थांबवते. ‘समजलं का?’ या प्रश्नाला उपचार करणाऱ्या डॉक्टरसमोर कुणी ‘नाही’ म्हणत नाही. ‘आम्ही काय करणार आहोत, ते तुम्ही सांगा बघू’ असं म्हटलं, की किती पोचलंय ते लगेच कळतं.

वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीचा नियम आहे, की ओळखू येणाऱ्या रुग्णाची लेखी संमती घेताना छापला जाणारा मजकूर त्याला दाखवायचा. तोच नियम मी सादरीकरणाला लावते. तपासणीला आली, की ती स्लाइड तिच्यासमोर धरायची, तिच्या बोलीत वाचून दाखवायची, आणि हॉलमध्ये साधारण किती लोक असतील, ते फोनवर फोटो काढतील, हेही सांगायचं. सासू बाहेर बसलेली असताना, एकटीला. ती म्हणाली ‘जुळ्यांचं काढा’, तर काढायचं, मग केस कितीही दुर्मीळ असो. हे विचारणं परिषदेच्या आधीच व्हायला हवं, कारण एकदा फोटो निघाले की नकार देण्याजोगं तिच्या हातात काही राहत नाही.