वडिलांच्या पश्चात पेन्शन, वारस नोंद आणि घराच्या कागदांसाठी रजा: नागपूरच्या एका प्रकरणावरून अर्ज कसा लिहावा

‘घरगुती कारणास्तव पंधरा दिवस रजा मिळावी’ असा अर्ज आला की आस्थापना लिपिक तो बाजूला ठेवतो, आणि त्यात त्याचे फारसे चुकत नाही. रजा हा हक्क नाही, असे महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, 1981 मध्ये स्पष्ट आहे. कोणती कामे, कोणत्या कार्यालयात, कोणत्या तारखांना, आणि त्यासाठी स्वतः का जावे लागते, एवढे अर्जातून कळले तर साहेबांना सही करणे सोपे जाते.

ही माहिती राज्य शासनाच्या कर्मचाऱ्यासाठी आहे. खाजगी नोकरीत कंपनीचे रजा धोरण चालते, पण अर्जाची मांडणी तिथेही हीच ठेवावी.

आई-वडिलांच्या निधनासाठी या नियमांत वेगळी रजा नाही. खात्यावर शिल्लक असेल तर अर्जित रजा मागावी. ती दर वर्षी 1 जानेवारी आणि 1 जुलैला प्रत्येकी 15 दिवस जमा होते. ती कमी पडली तर अर्धवेतनी रजा खाजगी कामासाठी घेता येते आणि अर्जित रजेला जोडताही येते. परावर्तित रजा मागू नये. तिला वैद्यकीय प्रमाणपत्र लागते. सर्वाधिक घोळ किरकोळ रजेचा होतो. तेरवीपर्यंत किरकोळ आणि पुढे सलग अर्जित, असा अर्ज परत येतो, कारण या दोन रजा एकमेकींना जोडता येत नाहीत. लांबण्याची शक्यता असेल तर पहिल्या दिवसापासून अर्जितच टाकावी.

आता एक नमुना प्रकरण घेऊ. मुलगा अमरावतीला शासकीय कार्यालयात वरिष्ठ सहायक आहे. वडील राज्य शासनाचे निवृत्त कर्मचारी, पेन्शन नागपूर कोषागारातून. 14 मे 2026 ला त्यांचे निधन झाले. मागे आई, हा मुलगा आणि पुण्यात दिलेली बहीण. वडिलांच्या नावे नागपुरात घर आणि काटोल तालुक्यात शेत आहे. तेरवीची रजा आटोपून मुलगा कामावर रुजू झाला आहे आणि आता कागदांसाठी रजा मागतो आहे.

कुटुंब निवृत्तिवेतन आईचे आहे. त्यामुळे ‘वडिलांचे पेन्शन माझ्या नावे करणे’ हे वाक्य अर्जात येता कामा नये. नोकरीतल्या प्रौढ मुलाला ते मिळत नाही आणि वाचणारा तिथेच अडतो. ‘आईसोबत कोषागारात उपस्थित राहणे’ असे लिहावे. पीपीओमध्ये, म्हणजे निवृत्तिवेतन प्रदान आदेशात, आईचे नाव असेल तर मृत्यू प्रमाणपत्र, पीपीओची निवृत्तिवेतनधारकाकडची प्रत, आईचे आधार, पॅन, बँक पासबुक आणि फोटो घेऊन कोषागारात अर्ज करायचा असतो. घरून निघण्याआधी पीपीओवरचे आईचे नाव आधारशी अक्षर-अक्षर ताडून पाहावे. ‘कमलाबाई’ आणि ‘कमल’ एवढ्या फरकानेही फाईल अडते. दुरुस्तीचा प्रस्ताव वडिलांच्या जुन्या कार्यालयामार्फत नागपूरच्या महालेखापाल कार्यालयाकडे जातो, म्हणजे आठवड्याभरात ते होणारे काम नाही.

निधनाचा दिवस पेन्शनमध्ये धरला जातो. म्हणजे वडिलांचे पेन्शन 14 मेपर्यंतचे आणि आईचे 15 मेपासूनचे. कोषागाराला वेळेत कळवले नाही तर मे महिन्याची पूर्ण रक्कम वडिलांच्या खात्यात जमा होते. त्यातले 17 दिवसांचे पैसे परत जाणारे असतात. एटीएममधून ते काढले की पुढे वसुली निघते, म्हणून त्या खात्याला हात लावू नये.

शेताची वारस नोंद तलाठ्याकडे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे होते. जमीन महसूल संहितेप्रमाणे वारसाने तीन महिन्यांत कळवायचे असते. फेरफार धरला की संबंधितांना नोटीस जाते आणि हरकतीसाठी 15 दिवस सोडावे लागतात. त्या काळात तलाठी कार्यालयात बसून काही होत नाही, म्हणूनच रजा दोन तुकड्यांत मागावी. घराच्या आखीव पत्रिकेवरची, म्हणजे प्रॉपर्टी कार्डवरची, नोंद नगर भूमापन कार्यालयात होते. प्लॉट नागपूर सुधार प्रन्यासच्या लीजचा असेल तर आधी तिथले नामांतरण पाहावे. महापालिकेच्या टॅक्स पावतीवर नाव चढले म्हणजे घर नावावर झाले असे समजणारे कमी नाहीत. पावती कराची असते, मालकीची नाही.

बहीण आपला हिस्सा सोडणार असेल तर हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवावे लागते आणि त्यासाठी सहसा तिला स्वतः यावे लागते. दुसऱ्या तुकडीच्या तारखा तिच्या रेल्वे तिकिटावरून ठरवाव्यात, आपल्या सोयीवरून नाही. बँकेत नॉमिनी नसेल किंवा शेअर असतील आणि उत्तराधिकार प्रमाणपत्र मागितले गेले तर ते न्यायालयाचे काम आहे. त्याचे दिवस आत्ताच्या अर्जात धरू नयेत. तारीख पडेल तशी वेगळी रजा घ्यावी.

दिवसांचा हिशेब असा. शासकीय कार्यालये शनिवारी बंद असतात. 8 ते 19 जून सलग रजा घेतली तर मधला शनिवार-रविवारही रजेत मोजला जाऊन 12 दिवस खर्च होतात. 8 ते 12 जून आणि 8 ते 10 जुलै असे घेतले तर 8 दिवसांत भागते आणि मधला हरकतीचा काळ नोकरीवर जातो. मागच्या-पुढच्या सुट्ट्या जोडण्याची परवानगी मात्र अर्जात मागावी लागते. गाव वेगळे असल्याने मुख्यालय सोडण्याची परवानगीही त्याच कागदावर घ्यावी.

अर्जाचा मजकूर:

विषय: अर्जित रजा मंजूर होणेबाबत.

महोदय,
माझे वडील, सेवानिवृत्त शासकीय कर्मचारी, यांचे दि. 14/05/2026 रोजी निधन झाले आहे. आईचे कुटुंब निवृत्तिवेतन सुरू करण्यासाठी तिच्यासोबत जिल्हा कोषागार, नागपूर येथे, घराच्या नोंदीसाठी नगर भूमापन कार्यालय, नागपूर येथे व शेतीच्या वारस नोंदीसाठी काटोल तालुक्यात मला समक्ष उपस्थित राहावे लागणार आहे. त्याकरिता दि. 08/06/2026 ते 12/06/2026 (5 दिवस) तसेच हक्कसोडपत्राच्या नोंदणीसाठी दि. 08/07/2026 ते 10/07/2026 (3 दिवस) अर्जित रजा मंजूर करावी. दि. 6, 7, 13, 14 जून व 11, 12 जुलै या सुट्ट्या जोडून घेण्याची व मुख्यालय सोडण्याची परवानगी द्यावी. माझा कार्यभार शेजारच्या कार्यासनाकडे सोपवीत आहे. रजा कालावधीतील पत्ता व भ्रमणध्वनी खाली दिला आहे.

सोबत मृत्यू प्रमाणपत्र आणि पीपीओच्या पहिल्या पानाची छायाप्रत जोडावी. सातबारा, आखीव पत्रिका, बँकेचे कागद लावू नयेत. रजा मंजूर करणाऱ्याला त्यांची गरज नाही आणि घरची मालमत्ता सगळ्या कार्यालयाला कळते ती वेगळीच. कार्यभार कोणाकडे, हे लिहिताना त्या सहकाऱ्याला आधी विचारलेले असावे. बरेच अर्ज तिथेच लोंबकळतात.

तारखा निवडताना नागपूरचे वेळापत्रक पाहावे. नोव्हेंबरात कोषागाराकडे हयातीच्या दाखल्यांची गर्दी असते, आणि डिसेंबरात हिवाळी अधिवेशन असले की महसूलची माणसे बंदोबस्ताच्या कामात गुंतलेली असतात. आपलेच कार्यालय अधिवेशनाच्या कामाला लागले असेल तर रजाही नाकारली जाऊ शकते.

काम उरले तर रजा संपण्याआधी मुदतवाढीचा अर्ज पोचला पाहिजे. नंतर दिलेला अर्ज अनधिकृत गैरहजेरीच्या खुलाशासारखा वाचला जातो. परतल्यावर रुजू अहवाल त्याच दिवशी द्यावा आणि त्याच्या प्रतीवर आवक क्रमांक घ्यावा.