सोमवारी, सकाळी, रात्री: इन, ऑन, ॲट इथपर्यंत कसे आले

आमच्याकडे इंदूरला रामबागेत संध्याकाळी चारपाच मुलं इंग्रजी शिकायला येतात, त्यातला एक नववीतला मुलगा परवा वही घेऊन समोर बसला आणि म्हणाला, मावशी, सोमवारीला ऑन, सकाळीला इन आणि रात्रीला ॲट, पण मराठीत तर तिन्हीला एकच ई लागतेय ना, मग इंग्रजीत तीन कशाला? प्रश्न एकदम बरोबर आहे. त्याचं उत्तर नियमांच्या तक्त्यात सापडत नाही, त्यासाठी थोडं मागं जावं लागतं.

आपल्याला शाळेत सप्तमीचे प्रत्यय पाठ करायला लावलेले असतात, त, ई, आ. घरात, सोमवारी, दारा. म्हणजे कुठे आणि कधी हे सांगायला आपण शब्दाच्या शेवटीच काहीतरी जोडतो. हजार वर्षांपूर्वीची इंग्रजीही अशीच होती, हे आपल्याकडे फारसं कुणी सांगत नाही. त्या जुन्या इंग्रजीत नामांना विभक्ती होत्या, आणि ‘रात्री’ म्हणायला नुसता ‘नाइट’ला षष्ठीचा स लावून ‘निह्टेस’ म्हटलं की झालं, वेगळा शब्द लागायचाच नाही. आजही नाइट शिफ्टवाला माणूस ‘आय वर्क नाइट्स’ म्हणतो, त्यातला स अनेकवचनाचा वाटतो पण त्याची मुळं त्या जुन्या विभक्तीत आहेत. ‘एव्हरी डे’, ‘लास्ट यिअर’, ‘नेक्स्ट मंडे’ यांच्या आधी काहीच लागत नाही, त्यामागेही तेच, तिथे काळ दाखवायचं काम एके काळी प्रत्यय करायचा. प्रत्यय झिजून गेला, वाक्प्रयोग उरला. म्हणून ‘ऑन नेक्स्ट मंडे’ लिहिलेलं दिसलं की मी लाल शाई वापरते आणि कारणही सांगते.

आता प्रत्यय झिजायला लागले (साधारण अकराव्या ते तेराव्या शतकात हे बऱ्यापैकी होऊन गेलं) तसा सगळा भार आधी लागणाऱ्या छोट्या शब्दांवर आला. आणि तेव्हा त्यातला सगळ्यात मोठा मालक होता ‘ऑन’. इंग्लंडच्या दक्षिणेकडच्या जुन्या लिखाणात जिथे आज आपण इन म्हणू तिथेही बहुतेक वेळा ऑनच असायचं, उन्हाळ्यातला ऑन, त्या वर्षातला ऑन, सकाळचाही ऑन, रात्रीचाही ऑन. नंतरच्या दोनतीनशे वर्षांत इन पसरत गेलं आणि ज्याच्या ‘आत’ राहता येतं असं वाटतं ते सगळं त्यानं घेतलं, महिना, वर्ष, ऋतू, सकाळ, संध्याकाळ. दिवस आणि तारीख मात्र ऑनकडेच राहिली. म्हणजे ‘ऑन मंडे’ हा अपवाद वगैरे काही नाही, तो जुना मूळ रहिवासी आहे, आजूबाजूची घरं इननं घेतली आणि हा तिथेच राहिला.

ऑन किती पसरलेला होता हे बघायचं असेल तर ‘अलाइव्ह’ घ्या. हा शब्द म्हणजे ‘ऑन लाइफ’, त्यातला न गळून पडला आणि नुसता अ शब्दाला चिकटला. ‘अस्लीप’ म्हणजे ऑन झोप, ‘अशोअर’ म्हणजे ऑन किनारा. आणि डॉक्टर चिठ्ठीवर लिहितो ते ‘ट्वाइस अ डे’, त्यातला ‘अ’ सगळे आर्टिकल समजतात पण तोही मुळात हाच झिजलेला ऑन, दिवसावर दोनदा. मुलांना हे सांगितलं ना की त्यांचे डोळे मोठे होतात, आणि नंतर दिवसाला ऑन लावायला ती विसरत नाहीत.

रात्रीचं काय मग? रात्रीलाही आधी ऑन होतं, नंतर ॲट बसलं, आणि सकाळ दुपार संध्याकाळ इनकडे गेली तरी रात्र ॲटपाशीच थांबली, जशी ‘ॲट नून’मधली बाराची भरदुपार थांबली. ॲट हा मुळात ‘पाशी’ आहे, आत नाही, वर नाही, नुसतं त्या ठिकाणाला टेकून. म्हणूनच चर्चच्या मनोऱ्यांवर घड्याळं आली, तास नेमका मोजता यायला लागला, तेव्हा वाजलेल्या तासाला तोच शोभला. ‘ओक्लॉक’ म्हणजे ‘ऑफ द क्लॉक’, घड्याळाचे सहा.

त्या मुलाच्या वहीतलं वाक्य होतं ‘सोमवारी सकाळी ९ वाजता’, आणि त्यानं लिहिलं होतं ‘ऑन मंडे इन मॉर्निंग’. दोन ई म्हणून दोन शब्द, त्याच्या दृष्टीनं हिशोब चोखच. पण इंग्रजीत दिवसाचं नाव आलं की सकाळ त्याच्या पोटात जाते आणि दिवसाचा ऑन पुरतो, ‘ॲट नाइन ऑन मंडे मॉर्निंग’. १५ ऑगस्टच्या सकाळचंही तसंच, ‘ऑन द मॉर्निंग ऑफ १५ ऑगस्ट’, इननं घेतलेली सकाळ तारीख लागली की परत ऑनकडे येते. चूक ओळखायची खूण एवढीच, की दिवस किंवा तारीख वाक्यात आहे का ते आधी बघायचं, सकाळ संध्याकाळ नंतर. रात्रीलाही हेच, नुसती रात्र ॲट, पण शनिवारची रात्र ऑन.

पत्त्यात गंमत अजून वेगळी आहे. घर नंबर असला की ॲट, तो बिंदू आहे. रस्त्याला मात्र अमेरिकन माणूस ऑन म्हणतो आणि जुना इंग्रज इन, कारण त्याच्या डोक्यात स्ट्रीट म्हणजे नुसता डांबराचा पट्टा नाही तर दोन्ही बाजूंची घरं धरून झालेली गल्ली, मग तो तिच्या आत राहतो. आपल्याकडे दोन्ही चालतं, महात्मा गांधी रोडवरच्या दुकानाला मी स्वतः ऑनच लिहायला सांगते कारण मराठीतही आपण रोड‘वर’च म्हणतो.

शहराचं मात्र खास आपलं आहे. इंदूरच्या जुन्या कागदांवर ‘ॲट इंदूर’ दिसतं आणि लोकांना वाटतं बाबू लोकांची चूक. चूक नाहीये ती. १७९५ साली लिंडली मरे यांचं इंग्रजी व्याकरण आलं, पुढे कितीतरी वर्षं शाळांमधून ते चाललं, आणि त्यात नियम होता की देश, शहरं, मोठी गावं यांना इन लावा, पण खेडं, एकटं घर, आणि लांबच्या परदेशातलं शहर असेल तर ॲट. लंडनला बसलेल्या साहेबासाठी होळकरांचं इंदूर लांबच्या देशातलंच शहर. १८१८ मध्ये होळकर आणि इंग्रजांमध्ये मंदसौरचा तह झाला, इथे इंग्रजांचा प्रतिनिधी म्हणून रेसिडेंट आला, आणि तसल्या व्याकरणावर वाढलेल्या साहेबांच्या कागदात ‘ॲट इंदूर’ लिहिलं जाणं अगदी साहजिक होतं. आज आपण राहतो ते ‘इन इंदूर’, पण दप्तरी भाषा हळू बदलते.

हायकोर्टाच्या इंदूर खंडपीठाच्या आदेशाचं पहिलं पान मी मुलांना दाखवते, एका ओळखीच्या वकिलांनी प्रत दिली होती. वर लिहिलेलं असतं ‘इन द हायकोर्ट ऑफ मध्य प्रदेश ॲट इंदूर’, खाली न्यायमूर्तींचं नाव, आणि त्याखाली ‘ऑन द’ करून तारीख. कोर्टाच्या आत म्हणून इन, इंदूरपाशी म्हणून ॲट, आणि तारखेला तोच जुना ऑन. नववीतल्या त्या मुलानं तिन्ही शब्दांखाली पेन्सिलीनं रेघ मारली आणि विचारलं, मावशी, ‘रामबागेत’ला काय? रामबाग मोहल्ला आहे, आत राहतोस, इन. आणि तुझा घर नंबर लिहिलास की ॲट.